जुन्या सरांना शिफारसपत्र मागताना

ऑक्टोबर उजाडला की शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना एका ठरावीक प्रकारचे मेल येऊ लागतात. पाठवणारी बहुधा एखादी जुनी विद्यार्थिनी असते. बी.एड., एम.एड. करून ती पाच-सहा वर्षं शाळेत शिकवते, मग नोकरी सोडते आणि गणितशिक्षण, अभ्यासक्रम विकसन किंवा शैक्षणिक धोरण असा एखादा विषय घेऊन परदेशी शिकायला जायचं ठरवते. अर्जाला शिफारसपत्रं लागतात. सगळे त्याला ‘एलओआर’ म्हणतात. म्हणून तिला सर आठवतात आणि मेल येतो: ‘सर, ओळखलंत का? मी २०१९ची बॅच. मला एका विद्यापीठासाठी एलओआर हवं आहे. शेवटची तारीख येत्या शुक्रवारी आहे. सोबत ड्राफ्ट जोडला आहे, फक्त सही करून पाठवावा ही विनंती.’

मी एम.एड.च्या वर्गाला शिकवतो आणि अशी पत्रं बरीच वर्षं लिहितो आहे. हा मेल उद्धट नाही, लिहिणारीच्या मनात सरांबद्दल आदरच असतो. पण या पाच-सहा वाक्यांतून सरांच्या हाती पत्र लिहायला काहीच लागत नाही. ती कोण, तिने वर्गात काय केलं, कशासाठी जाते आहे, त्या विद्यापीठाला काय हवं आहे, यातलं एकही त्यात नाही. उलट सरांनी जे लिहायचं तेच तिने लिहून दिलेलं आहे. चांगली शिक्षिका असलेल्या, खरोखर लायक असलेल्या मुलींचे अर्ज या एका मेलपायी दुबळे होताना मी पाहिले आहेत. म्हणून हा मेल कसा असावा, ते जरा तपशिलात सांगतो.

आधी पलीकडच्या टोकाला काय चालतं ते पाहू. अमेरिकेतली विद्यापीठं पदव्युत्तर प्रवेशासाठी साधारण तीन शिफारसपत्रं मागतात, ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी दोन पुरतात. निवड समितीसमोर गुणपत्रक असतंच. अर्जदाराने स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन, म्हणजे ‘एसओपी’, तेही असतं. या दोन्हींतून न कळणारी गोष्ट समितीला पत्रातून हवी असते: या व्यक्तीला जवळून काम करताना पाहिलेला एखादा जाणता माणूस तिच्याबद्दल काय म्हणतो? ती अडली तेव्हा तिने काय केलं? टीका झाल्यावर काम सुधारलं का? तिच्या बरोबरीच्या मुलांत ती कुठे बसते? पत्रासोबत प्राध्यापकाला पुष्कळदा एक तक्ताही भरायचा असतो. संशोधनाची क्षमता, लेखन, स्वतंत्र विचार अशा प्रत्येक बाबीपुढे ही विद्यार्थिनी तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या ५ टक्क्यांत येते, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत, अशी खूण करायची. तुम्ही तिला किती वर्षं आणि कोणत्या नात्याने ओळखता, हेही विचारतात.

इथे आपल्याकडच्या शिक्षकांची एक खास अडचण होते. त्यांनी स्वतः शाळेत ढिगाने दाखले लिहिलेले असतात. बोनाफाइड, चारित्र्य प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला. ‘माझ्या माहितीप्रमाणे सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली आहे’ हे वाक्य हाताला इतकं वळलेलं असतं की शिफारसपत्र म्हणजे तेच, फक्त इंग्रजीत, असं वाटतं. शाळा नोकरी सोडताना जे अनुभव प्रमाणपत्र देते, तेही कधी कधी शिफारसपत्र म्हणून जोडलं जातं. अनुभव प्रमाणपत्र सांगतं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या इथे नोकरीला होत्या. त्याचा समितीला नोकरीचा पुरावा म्हणून उपयोग आहे, माणूस समजायला नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ते मी अशा अनेक मेलांवरून जुळवलेलं आहे, कुणा एकीचं नाही. एका शिक्षिकेने २०१७ ते २०१९ एम.एड. केलं. त्यानंतर तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत सहा वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवलं. आता नोकरी सोडून ती गणितशिक्षणात परदेशी एम.ए. करू पाहते आहे. अमेरिकेत दोन ठिकाणी आणि ब्रिटनमध्ये एका ठिकाणी अर्ज करायचा आहे. पत्र कुणाकडे मागायचं?

सहसा पहिला विचार सर्वांत मोठ्या पदावरच्या माणसाचा येतो: प्राचार्य, कुलगुरू, ओळखीतून एखादे आमदार. पण ज्यांनी तिचं काम पाहिलेलं नाही त्यांचं पत्र दोन ओळींत संपतं, आणि उरलेलं पान पदाच्या वजनाने भरून निघत नाही. तिच्याबाबतीत योग्य माणूस उघड आहे. ज्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली तिने एम.एड.चा लघुशोधप्रबंध लिहिला, ज्यांनी तिची प्रकरणं वाचून समासात लाल शाईने प्रश्न लिहिले, ते. मुख्याध्यापकांचं पत्र दुसरं. ते वर्गातल्या कामाबद्दल, पालकांशी वागण्याबद्दल, शाळेत तिने काय उभं केलं त्याबद्दल लिहितील. दोन पत्रांनी दोन वेगळ्या बाजू दाखवाव्यात, म्हणून सरांना मेल लिहितानाच त्यांच्याकडून कोणती बाजू हवी आहे ते तिला ठाऊक असायला हवं. सहा वर्षांतल्या शिकवण्याबद्दल सर काय लिहिणार? त्यांनी ते पाहिलेलंच नाही. त्यांनी पाहिलंय ते तिचं संशोधन.

अडचण एवढीच की मधे सहा-सात वर्षं गेली आहेत. दर वर्षी नवी तुकडी येते. सरांना चेहरा आठवेल, कदाचित नावही, पण प्रबंधातलं तिसरं प्रकरण आठवणार नाही. त्यामुळे मेलचं पहिलं काम सरांची आठवण जागी करण्याचं. ‘ओळखलंत का?’ या प्रश्नाने ती जागी होत नाही, घडलेल्या गोष्टीने होते. तिने असा मेल लिहावा:

विषय: एम.एड. (२०१७–१९) विद्यार्थिनी, शिफारसपत्रासाठी विनंती, पहिली मुदत १ डिसेंबर

आदरणीय सर,

सविनय नमस्कार. मी २०१७–१९च्या एम.एड. तुकडीत होते. अपूर्णांकांच्या बेरजेत सहावीच्या मुलांकडून होणाऱ्या चुका, या विषयावर मी आपल्या मार्गदर्शनाखाली लघुशोधप्रबंध लिहिला. पहिल्या मसुद्यात मी फक्त चुकांचे प्रकार मोजून तक्ते केले होते. १/२ + १/३ = २/५ असं लिहिणाऱ्या मुलांच्या आकड्याखाली आपण विचारलं होतंत, ‘उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे यांतल्या कुणाला खटकलं का? विचारून पाहा.’ त्यावरून मी पुन्हा शाळेत जाऊन मुलांशी एकेकट्याने बोलले आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या मुलाखतींवर नव्याने लिहिलं.

एम.एड.नंतर सहा वर्षं मी पाचवी ते आठवीला गणित शिकवलं. गेल्या मे महिन्यात नोकरी सोडली. मुलांच्या चुका शिक्षकाला वर्गात कशा वापरता येतील, याचा नीट अभ्यास करावा म्हणून गणितशिक्षणातील एम.ए.साठी तीन विद्यापीठांत अर्ज करते आहे. त्यासाठी आपण शिफारसपत्र लिहू शकाल का?

मुख्याध्यापक माझ्या अध्यापनाबद्दल लिहिणार आहेत. आपण माझं संशोधनाचं काम पाहिलं आहे, म्हणून त्याबद्दल आपल्याला जे वाटतं ते लिहावं, अशी विनंती आहे. माझं काम आता पुरेसं आठवत नसेल, किंवा या दिवसांत वेळ नसेल, तर मोकळेपणाने सांगावं. मी दुसऱ्या कुणाला विचारेन, मनात काही आणणार नाही.

आपला होकार आल्यावर प्रबंधाची प्रत, गुणपत्रक, माझं निवेदन आणि तिन्ही अर्जांच्या मुदतींचं एक पान पाठवते. पहिली मुदत १ डिसेंबर, दुसरी १५ डिसेंबर, तिसरी ३१ जानेवारी. पत्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावर थेट आपणच चढवायचं असतं, मला ते दिसणार नाही. सोयीच्या वेळी दहा मिनिटं फोनवर बोलता आलं तर बरं होईल.

आपली विद्यार्थिनी

खाली नाव, फोन नंबर आणि एम.एड.च्या वेळचं नाव वेगळं असेल तर तेही. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं आणि सरांच्या जुन्या हजेरीपटात मेलवरचं नाव सापडतच नाही, असं हमखास होतं. शिवाय गुणपत्रकावर एक नाव आणि पारपत्रावर दुसरं असेल तर पत्रात कोणतं लिहायचं, हे सरांना आधीच कळायला हवं. अर्जात जे नाव भरलं तेच पत्रात असावं.

हा मेल मराठीत आहे. सरांशी तुम्ही मराठीत बोलत होतात, तर मेलही मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. पत्र इंग्रजीत जाणार आहे, विनंती नाही. इंग्रजीत लिहायचं म्हणून जालावरून उचललेला नमुना भरून पाठवला की त्यात सगळं येतं, फक्त ते लाल शाईचं वाक्य येत नाही. आणि सरांना पत्र सुचतं ते नेमकं त्या वाक्यावरून. मेल वाचून सर कपाटातून प्रबंध काढतील, चौथं प्रकरण उघडतील, आणि त्यांना आठवेल की ही मुलगी तक्ते पुरे झाले म्हणून थांबली नव्हती, पुन्हा शाळेत गेली होती. ‘टीका ऐकून तिने काम मुळापासून बदललं’ हे समितीला हवं असलेलं वाक्य आता ते पुराव्यानिशी लिहू शकतात.

मेलमधली दुसरी जागा मला फार महत्त्वाची वाटते: नकाराला दिलेली वाट. आपल्याकडे गुरुजन तोंडावर नाही म्हणत नाहीत. जुनी विद्यार्थिनी इतक्या वर्षांनी काही मागते आहे, तिला कसं नाही म्हणायचं, असं वाटून ते हो म्हणतात आणि मग कोमट पत्र लिहितात. ‘वर्गात नियमित होती, स्वभावाने मनमिळाऊ, तिला शुभेच्छा’ असं तीन ओळींचं पत्र समितीला बरंच काही सांगून जातं: ज्याने जवळून पाहिलं त्यालाही हिच्याबद्दल सांगण्यासारखं काही सापडलं नाही. म्हणून नकार देणं सोपं करून ठेवावं. उत्तरात ‘बघू’, ‘नंतर आठवण कर’, ‘ऑफिसात विचार’ असं काही आलं, तर तो बहुतेक वेळा नकारच असतो. एकदा फोन करून खात्री करावी आणि दुसरं दार ठोठवावं.

‘मनमिळाऊ’वरून एक अभ्यास आठवला. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोन अभ्यासकांनी २००३मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं त्यांनी तपासली होती. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत शंका निर्माण करणारे शब्द जास्त होते. स्त्रियांच्या शिकवण्याचा आणि मेहनतीचा उल्लेख अधिक, तर पुरुषांच्या संशोधनाचा अधिक. क्षेत्र वेगळं, देश वेगळा, पण आपल्याकडची पत्रं वाचताना हे मला सतत दिसतं. विद्यार्थी मुलगा असला की ‘बुद्धिमान’, मुलगी असली की ‘कष्टाळू आणि नम्र’. सहा वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंच्या बाबतीत तर ‘मुलांवर प्रेम करणारी’ हे विशेषण ठरलेलंच. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण एम.ए.ची निवड समिती संशोधन करू शकणारी विद्यार्थिनी शोधत असते. सरांनी कोणते शब्द वापरावेत ते सांगणं बरं दिसत नाही. पण आपल्या संशोधनाचं काम पुढ्यात ठेवणं आपल्या हातात असतं, आणि ते ठेवलं की सहसा सर त्याबद्दलच लिहितात. वरच्या मेलमध्ये शाळेतली सहा वर्षं एका वाक्यात आटोपली आहेत आणि चौथ्या प्रकरणाला जागा दिली आहे, त्याचं कारण हे.

आता तो जोडलेला ‘ड्राफ्ट’. खरं सांगायचं तर ही सवय बऱ्याचदा आम्हा प्राध्यापकांचीच आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ कामाचा रगाडा असतो, इंग्रजीचा कंटाळा असतो, तर कधी विद्यार्थिनीला मदतच होईल असं वाटतं. पण यात तिचं नुकसान होतं. स्वतःबद्दल लिहिताना माणूस एक तर संकोचतो किंवा विशेषणांचा भडिमार करतो. ‘मी शिकवलेल्या इतक्या वर्षांतल्या मुलांत’ ही तुलना तर तिला लिहिताच येत नाही, कारण बाकीची मुलं तिने पाहिलेली नसतात. शिवाय निवेदन, सरांचं पत्र आणि मुख्याध्यापकांचं पत्र अशी तिन्ही एकाच हाताने लिहिली गेली की वाक्यांची ठेवण सारखी येते, तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात. फाइलच्या माहितीत लिहिणाऱ्याच्या नावापुढे अर्जदाराचंच नाव राहिलेलं असतं. वर्षानुवर्षं शेकडो अर्ज वाचणाऱ्यांच्या हे नजरेत येतं. पत्र चढवताना पुष्कळ ठिकाणी ‘हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे’ अशा अर्थाच्या मजकुरावर प्राध्यापकाला खूण करावी लागते. ते खोटं निघालं तर दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

मग सरांनी ‘लिहून आण’ म्हटल्यावर काय करायचं? भांडायचं नाही, पत्रही लिहायचं नाही. असं उत्तर द्यावं: ‘सर, विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे पत्र मी लिहिलेलं चालत नाही. आपला वेळ वाचावा म्हणून मुद्दे लिहून पाठवते: प्रबंधाचा विषय, आपण दिलेले अभिप्राय, केलेले बदल, तोंडी परीक्षेत विचारलेले प्रश्न. आपण फोनवर मराठीत सांगितलंत तरी आपल्या कार्यालयात कुणी टंकलेखन करून देऊ शकेल.’ मुद्द्यांचं ते पान म्हणजे नुसती घडलेल्या गोष्टींची टाचणं. पाठाचं टाचण काढतो तसं. त्यात एकही विशेषण नको. ‘उत्कृष्ट सादरीकरण’ असं न लिहिता ‘महाविद्यालयाच्या चर्चासत्रात मुलाखतींवर २० मिनिटं सादरीकरण, त्यानंतर आपण नमुना लहान असल्याचा आक्षेप घेतला होता’ असं लिहावं. मत काय द्यायचं ते सरांवर सोडावं.

सरांच्या नावाने स्वतःच जीमेल खातं उघडून पत्र चढवणं हा प्रकारही चालतो. सरांची संमती असली तरी ती तोतयेगिरी आहे, आणि पकडली गेली तर सरांचं नावही जातं. कुणी सल्लागार असं करायला सांगत असेल तर तो सल्लागार सोडावा.

होकार आल्यानंतरचं काम यंत्रणेचं आहे आणि तिथेही अडतं. अर्जाच्या पानावर सरांचं नाव, पद, संस्था आणि ई-मेल भरायचा असतो. ते भरून पाठवलं की विद्यापीठाकडून सरांना आपोआप एक इंग्रजी मेल जातो, त्यात पत्र चढवण्याचा दुवा असतो. हा मेल अनोळखी पत्त्यावरून येतो आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो. त्यातच विद्यापीठं संस्थेचा अधिकृत ई-मेल मागतात आणि आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत तो पत्ता कुणी उघडतच नाही, सगळा व्यवहार जीमेलवर चालतो. म्हणून सरांना आधीच विचारावं: अधिकृत पत्ता आपण पाहता का? पाहत नसतील तर तेवढ्यापुरता तो चालू करून घ्यावा. सर निवृत्त झाले असतील आणि अधिकृत पत्ता उरलाच नसेल, तर प्रवेश कार्यालयाला मेल करून तसं कळवावं आणि वैयक्तिक पत्ता चालेल का ते विचारावं. बहुतेक कार्यालयं यावर काहीतरी मार्ग काढतात. न विचारता जीमेल पत्ता भरला तर मात्र अर्ज तपासणीत अडकू शकतो.

अमेरिकी अर्जात सरांचं नाव भरताना एक प्रश्न समोर येतो आणि बऱ्याच जणी तो न वाचताच पुढे जातात. पुढे हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडून देता का? हा हक्क १९७४च्या ‘फर्पा’ या अमेरिकी कायद्यातून येतो. विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा अधिकार या कायद्याने आहे, शिफारसपत्रांपुरता तो स्वेच्छेने सोडता येतो. सोडला नाही म्हणून विद्यापीठ प्रवेश नाकारू शकत नाही. तरीही माझा सल्ला तो सोडावा असाच आहे. पत्र विद्यार्थिनी वाचणार हे माहीत असलं की लिहिणारा हात आखडतो, आणि समितीलाही अशा पत्रातली स्तुती थोडी कमी विश्वासाची वाटते. ‘मला ते दिसणार नाही’ हे मेलमधलं छोटं वाक्य त्यासाठीच आहे. ते वाचून सर मोकळे होतात. प्रबंधात नमुना लहान होता ही उणीवही ते लिहितात, आणि एक खरी उणीव नोंदवलेली असली की बाकीच्या कौतुकाला वजन येतं.

वेळेचं गणित आपल्या पंचांगाप्रमाणे मांडावं लागतं. परदेशी सल्ल्यांत सहसा मुदतीच्या चार ते सहा आठवडे आधी विचारावं असं म्हणतात. आपल्याकडे पहिली मुदत १ डिसेंबर असेल तर त्याआधी दिवाळीची सुट्टी येते, सत्राच्या परीक्षा येतात, मागोमाग पेपर तपासणी, आणि महाविद्यालयात नॅकची समिती यायची असेल तर विचारूच नका. म्हणून मेल सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलेला बरा. मेल पाठवल्यावर ‘सर, आपल्याला मेल पाठवला आहे’ असा एक व्हॉट्सॲप निरोप टाकायला हरकत नाही, आपल्याकडे मेल अशानेच उघडला जातो. पण विनंतीच व्हॉट्सॲपवर, तीही ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली, नको. ती पुढे सापडत नाही आणि तिच्यासोबत कागदपत्रं नीट राहत नाहीत. दहाएक दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करावा. होकार मिळाल्यावर मुदतीच्या दोन आठवडे आधी एक आठवण आणि तीन-चार दिवस आधी दुसरी, त्यात मुदत भारतीय वेळेप्रमाणे लिहून. अमेरिकेतली १ डिसेंबरची रात्र संपते तेव्हा आपल्याकडे २ तारखेची सकाळ किंवा दुपार असते, पण त्या भरवशावर कुणालाच राहू देऊ नये.

पत्र चढलं की अर्जाच्या पानावर सरांच्या नावापुढे ते पोचल्याची नोंद दिसते. ती दिसली की त्याच दिवशी सरांना कळवावं. आपण पाठवलेलं पोचलं की नाही, हा घोर त्यांनाही असतो. तिन्ही विद्यापीठांसाठी तीन वेगळे दुवे येतात, आणि सर एकदा पत्र चढवून ‘झालं काम’ म्हणून मोकळे होतात. ब्रिटनचं पत्र राहून जातं ते असं. म्हणून मुदतींच्या पानावर प्रत्येक विद्यापीठापुढे ‘मेल आला’ आणि ‘पत्र चढवलं’ असे दोन रकाने ठेवावेत आणि ते पान सरांकडेही असावं.

मार्च-एप्रिलमध्ये निकाल येतात, ते जे काही असतील ते सरांना सांगावेत. प्रवेश मिळाला पण शिष्यवृत्ती नाही, म्हणून जाणं पुढच्या वर्षावर ढकललं, असं पुष्कळदा होतं. नव्या वर्षी नव्या विद्यापीठाला अर्ज करताना पत्र पुन्हा मागावं लागतं, कारण जुनं पत्र त्या त्या अर्जाबरोबरच राहतं आणि दुसरीकडे आपोआप जात नाही. सरांनी पत्राची प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवली असेल, तर तारीख आणि विद्यापीठाचं नाव बदलून, मधल्या वर्षात तिने केलेल्या कामाची दोन वाक्यं घालून, अर्ध्या तासात नवं पत्र तयार होतं. ती प्रत ठेवण्याची विनंती पहिल्याच वर्षी, पत्र पोचल्याचं कळवतानाच करून टाकावी.